माळ्यावरची बुरशी खालून येते

कॅनडात कडाक्याच्या थंडीनंतर पहिलं चांगलं ऊन पडतं आणि काही घरांच्या छतातून पाणी ठिबकू लागतं. पाऊस नसतो, छप्परही शाबूत असतं. छपराचा कारागीर वर चढून बघतो, पण त्याला गळती सापडत नाही. सापडणार कशी? हे पाणी बाहेरून आलेलंच नसतं. घरातल्यांच्या श्वासातून, अंघोळीतून आणि कुकरच्या वाफेतून ते वर गेलेलं असतं.

टोरांटोच्या आसपासचं एखादं दुमजली लाकडी घर घ्या. छताला जिप्सम बोर्ड, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर काचतंतूंच्या इन्सुलेशनचा जाड थर, वर मोकळा माळा आणि मग छपराच्या प्लायवूडच्या फळ्या. खोलीत २१ अंश तापमान आणि ४५ टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा सुमारे ९ अंशांना थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते. जानेवारीत छपराच्या फळ्या शून्याच्याही बऱ्याच खाली असतात. तिथे पोचलेली वाफ हिमकण होऊन चिकटते, आठवडेच्या आठवडे साचत राहते आणि मार्चच्या उन्हात एकदम वितळते. ओल्या लाकडावर मग काळी बुरशी धरते. उत्तरेकडच्या उतारावर ती बहुधा जास्त दिसते, कारण तिथे ऊन कमी लागतं आणि लाकूड उशिरा सुकतं.

वाफ वर जाते ती मुख्यतः फटींतून. छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडा, वायरींची भोकं, माळ्याचं झाकण, भिंतींचे वरचे सांधे. हिवाळ्यात गरम हवा वर चढते आणि या फटींतून सतत बाहेर ढकलली जाते. अखंड बोर्डातून झिरपणारी वाफ त्यापुढे किरकोळ. सर्वात वाईट प्रकार म्हणजे बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर न काढता माळ्यावरच सोडून दिलेली असते. रोज चार जणांच्या अंघोळीची वाफ थेट थंड फळ्यांवर!

वीजबिल कमी व्हावं म्हणून फटी तशाच ठेवून वर इन्सुलेशनचा आणखी एक थर टाकला, तर हा त्रास वाढू शकतो. खालची उष्णता वर कमी पोचते, छपराच्या फळ्या आणखी गार होतात. वाफ मात्र पूर्वीइतकीच येत राहते. म्हणून आधी फटी आणि मग थर, हा क्रम मोडू नये.

फटी शोधायला काचतंतूच मदत करतात. ते बाजूला करताना एखादा भाग काळा दिसला की लोक बुरशी समजून घाबरतात. बऱ्याचदा ती धूळ असते. हवा तिथून जाताना तंतूंनी गाळून ठेवलेली. त्या काळ्या डागाखाली फट शोधावी. ओलाव्याची खूण वेगळी असते: छपरातून खाली आलेल्या खिळ्यांची टोकं गंजलेली आणि त्यांच्याभोवती लाकडावर काळी वर्तुळं.

काम सुरू करण्याआधी एक खात्री हवी. जुन्या घरांत इन्सुलेशन म्हणून खड्यांसारखं चकचकीत व्हर्मिक्युलाइट पसरलेलं असलं, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात न लावता तपासणी करून घ्यावी.

मग पंख्याची नळी इन्सुलेशनने गुंडाळून छपरातून किंवा भिंतीतून बाहेर काढायची. छपराच्या पाखाखालच्या जाळीशी ती सोडू नये, तिथून वाफ पुन्हा आत ओढली जाते. फटी सीलंटने किंवा फोमने बुजवायच्या. धुराड्याभोवती मात्र पत्रा आणि आग सोसणारं सीलंटच. पाखाखालच्या जाळ्या इन्सुलेशनने बुजल्या असतील तर मोकळ्या करायच्या.

लाकूड सुकल्यावरच सफाई. साधारण दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून घरच्या घरी काढता येते: हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढायची, साबणाच्या पाण्याने घासायची आणि पुन्हा सुकवायचं. ब्लीचचा मोह टाळावा. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी देऊ शकते. बुरशी धरलेला जिप्सम बोर्ड आणि भिजून बुरसटलेलं इन्सुलेशन धुऊन भागत नाही. पिशवीत बंद करून फेकायचं. डाग मोठा असेल तर बाकी घर प्लास्टिकने वेगळं करणाऱ्या कारागिरालाच बोलवावं.

ही रीत उचलून मुंबईत आणू नये. तिथे वाफेची दिशा उलटी असते: दमट हवा बाहेर, एसीने गार झालेली भिंत आत. खोलीच्या बाजूने प्लास्टिक किंवा विनाइलचा वॉलपेपर लावला, तर बाहेरून आलेला ओलावा त्याच्या पाठीमागेच अडकतो आणि बुरशी तिथे धरते.

कॅनडातल्या घरात काम जमलं की नाही, हे पुढच्या जानेवारीत कळतं. कडक थंडीच्या सकाळी टॉर्च घेऊन माळ्यावर डोकवायचं. खिळ्यांच्या टोकांवर हिम दिसलं, तर खाली एखादी फट अजून उघडी आहे, किंवा घरातली आर्द्रता जास्त आहे; अशा थंडीत ती ३० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते.