शाखा निवडण्याआधीच्या तीन तासिका

दहावीनंतर कला, वाणिज्य की विज्ञान, हा प्रश्न बहुतेक घरांत गुणपत्रिका हाती आल्यावर सुटतो, आणि सुटतो तो टक्क्यांवर. जास्त गुण म्हणजे विज्ञान, मधले म्हणजे वाणिज्य आणि उरले ते कला, ही उतरंड इतकी रुळली आहे की तिला कुणी निवड म्हणू नये. शाळेला यात काही करायचे असेल, तर दहावीच्या दुसऱ्या सत्रात सलग तीन तासिका, म्हणजे साधारण पावणेदोन तास, पुरेसे आहेत. त्यात भाषण नको. मुलांच्या हाताला काम हवे.

पहिली वीस मिनिटे चिठ्ठ्यांची. पाच-सहा जणांच्या गटाला बारा अभ्यासक्रमांच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्यांचे दोन ढीग करायला सांगायचे: कोणत्याही शाखेतून जाता येईल असे आणि ठरावीक विषय घेतल्याशिवाय दार उघडणार नाही असे. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, सनदी लेखापालाची फाउंडेशन परीक्षा, एनआयडीतील डिझाइनची पदवी आणि एनडीएची भूदल शाखा पहिल्या ढिगात जातात. एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायचे असेल, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. वैद्यकीयसाठी जीवशास्त्र लागते, वास्तुशास्त्राला गणिताशिवाय प्रवेश नाही. बहुतेक गट सनदी लेखापालाची चिठ्ठी दुसऱ्या ढिगात टाकतात, कारण वाणिज्य घेतल्याशिवाय तिथे जाताच येत नाही असा समज आहे. चूक मुलांनीच शोधावी. शिक्षकाने उत्तरे शेवटी सांगावीत. अटी बदलतात, म्हणून चिठ्ठ्या दर वर्षी माहितीपुस्तिकेवरून तपासून घ्याव्या लागतात.

या खेळाचा एक धोका आहे. गणित घेतले की जास्त दारे उघडी राहतात हे कळताच अर्धा वर्ग विज्ञानाकडे झुकतो. दार उघडे ठेवायलाही किंमत पडते, ती दोन वर्षे रोज मोजावी लागते, आणि ती किती हे पुढच्या पाऊण तासात कळते. तीन टेबलांवर तीन नमुने ठेवायचे: अकरावीच्या पुस्तकातले गणित किंवा भौतिकशास्त्राचे एक उदाहरण; एका किराणा दुकानाच्या आठवड्याच्या नोंदी, ज्यांतून नफा काढायचा; आणि एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वृत्ते, ज्यांत कोणते विश्वासार्ह हे लिहायचे. प्रत्येकाला पंधरा मिनिटे. उत्तर बरोबर आले का, हे शिक्षकाने तपासायचे नाही. मुलाने स्वतःच दोन गोष्टी टिपायच्या: कितव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहिले आणि घंटा झाल्यावर काम पुढे करावेसे वाटले का. आवड तोंडी विचारली, तर मुले घरात ऐकलेले उत्तर देतात; कंटाळा मात्र लपवता येत नाही.

मग वीस मिनिटे जोडीजोडीने बोलणे, तेही टिपणावरच. शेवटची वीस मिनिटे चिंतनपत्रिकेची, एका पानाची. त्यावर चारच प्रश्न हवेत. कोणत्या कामात वेळ कळला नाही? मनातल्या दोन अभ्यासक्रमांना कोणते विषय सक्तीचे आहेत? ते विषय रोज दोन तास करायची तयारी आहे का, की फक्त दार उघडे ठेवण्यासाठी ते हवे आहेत? आणि या निवडीमुळे कोणते दार बंद होते? खाली पालकांसाठी मोकळी जागा असते, पण तिथे सही नको, एक वाक्य हवे.

समजा, एका मुलीला चित्रकला आवडते, सराव परीक्षांत एकूण ८६ टक्के आहेत, पण गणितात १०० पैकी ६१. तिच्या मनात वास्तुशास्त्र आणि डिझाइन आहे. गणिताच्या टेबलावर तिने चौथ्या मिनिटाला पेन ठेवले, वृत्तांच्या टेबलावर घंटा झाल्यावरही लिहीत राहिली. गुणांची बेरीज तिला विज्ञानात ढकलेल. पत्रिका मात्र सांगते की डिझाइनला शाखेची अट नाही, वास्तुशास्त्राला गणित अटळ आहे, आणि ते तिला नकोसे आहे. ती कला शाखा घेऊन वास्तुशास्त्राचे दार जाणूनबुजून बंद करू शकते. उलट, उत्तर न येताही ती उदाहरणाला पंधरा मिनिटे चिकटून बसली असती, तर ६१ गुण हे विज्ञान न घेण्याचे कारण ठरले नसते.

एका टिपणावरून निकाल लावू नये. त्या दिवशी मूल आजारी असेल, किंवा गणिताचा नमुनाच अवघड निवडला गेला असेल. म्हणून पत्रिका शाळेने जमा करून घ्यायची नाही. ती मुलाकडेच राहते आणि निकालानंतर, अकरावीच्या ऑनलाइन अर्जात शाखा आणि महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरण्याआधी, पुन्हा उघडायची असते.