शेवटच्या दहा फुटांतला लॅग

बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांच्या तक्रारी कान देऊन ऐकायची मला जुनी खोड आहे. लातूरच्या शिकवण्यांभोवतालची हॉस्टेलं असोत की नांदेडचं श्यामनगर, गाऱ्हाणं एकच: ‘‘प्लॅन शंभरचा हाय, तरी पिंग उडतंय.’’ या खेळाला स्पीड फारसा लागतच नाही. सेकंदाला काही डझन चिमुकली पाकिटं जातात-येतात, त्यांना दोन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले. ती वेळेवर पोचली पाहिजेत, एवढंच. पिंग कायम 40 मिलिसेकंद असेल तर हात त्याला सरावतो. 20 वरून 150 वर उडणारं पिंग मात्र गेम घालवतं.

यात अंतराचा दोष थोडाच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. नांदेड ते मुंबई 600 किलोमीटर धरा. जाऊन-येऊन 6 मिलिसेकंद. केबल वळसे घेत गेली तरी 10-12. बाकी सगळी ताटकळ, आणि तिचा मोठा वाटा बहुधा राउटर ते फोन या शेवटच्या दहा फुटांत असतो.

त्या दहा फुटांचं मूळ शोधत गेलं की एक फारसं न ऐकलेलं नाव भेटतं: मायकेल मार्कस, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगातला अभियंता. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 1947 च्या अटलांटिक सिटी परिषदेत औद्योगिक यंत्रांसाठी सोडून दिला होता. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथंच गुरगुरतात. ज्या जागेत आधीच कलकलाट आहे तिथं विनापरवाना संदेशवहन का नको, असा मार्कसचा आग्रह होता. प्रस्थापितांचा विरोध झाला, तरी 9 मे 1985 ला आयोगाने नियम मंजूर केला. वाय-फाय जन्मलं ते या उकिरड्यावर, हे माझं मत; मार्कसचं धाडस मात्र त्याने कमी होत नाही. भारताने 2.4 चा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त केला, आणि ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने 5 गिगाहर्ट्झमधले तब्बल 605 मेगाहर्ट्झ घरात-बाहेर मोकळे केले. 2.4 मध्ये आहेत जेमतेम 83.5, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6, 11.

आता हॉस्टेलचा एक मजला घ्या. समजा, एकमेकांना ऐकू येणारे 12 राउटर, सगळे चॅनेल 6 वर. प्रत्येक राउटर दर 102 मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतो. ही हाळी 250 बाइटची धरली आणि जुन्या फोनांसाठी ती 1 एमबीपीएस इतक्या संथ वेगाने दिली, तर तिला 2 मिलिसेकंद लागतात. बारा जणांचे झाले 24. कुणी एक अक्षरही डाउनलोड न करता चौथा हिस्सा हवा संपली! वाय-फायचा नियम असा की आधी ऐकायचं, शांत असेल तरच बोलायचं, टक्कर झाली की आणखी लांब थांबायचं. तुमची गोळी त्या रांगेत उभी असते. 5 गिगाहर्ट्झवर किमान वेग 6 एमबीपीएस. तीच हाळी मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उरकते, आणि चॅनेलही पुष्कळ. शिवाय ब्लूटूथ इअरबड 2.4 मध्येच चालतात, तेवढी गर्दी कमी.

5 चा दोष म्हणजे भिंत. दोन विटांच्या भिंतींपलीकडे तो दमतो, आणि दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोन मधेच उडी मारतो. म्हणून राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. दोष कुठे आहे ते विंडोज लॅपटॉपवर कळतं. तो फोनच्याच जागी, त्याच पट्ट्यावर ठेवा आणि राउटरच्या पत्त्याला हाक मारा, मग बाहेर; तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला:

```
ping -n 200 192.168.1.1
ping -n 200 1.1.1.1
```

राउटरचाच आकडा 3 वरून 80 वर नाचला, तर हवा खराब. केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही. राउटर 2-4 वर ठाम आणि बाहेरचा उडत असेल, तर खुशाल भांडा.

मोबाइल डेटावर गणित उलटतं. 5जी देशात 1 ऑक्टोबर 2022 ला आलं. त्याचा वेळेचा तुकडा सहसा अर्ध्या मिलिसेकंदाचा, 4जीचा एकाचा. कागदावर 5जीच सरस. पण त्याचा मुख्य पट्टा 3.3 गिगाहर्ट्झच्या वर, तर 4जीकडे 850-900 मेगाहर्ट्झही आहे, जो आतल्या खोलीत शिरतो. आतल्या खोलीत फोन 5जी पकडतो, सोडतो, 4जीवर येतो, पुन्हा जातो. प्रत्येक अदलाबदलीला पडदा गोठू शकतो. वरच्या चिन्हावर नजर ठेवा. सामन्यात ते बदलत असेल, तर सेटिंगमध्ये ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ 4जीवर आणा. गच्चीवर किंवा खिडकीशी चिन्ह स्थिर असेल, तर 5जी ठेवा. मात्र संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की दोन्ही थकतात. त्यावर फोनमध्ये इलाज नाही.

माझा कौल असा: राउटर त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झ, डोळे मिटून; दोन भिंतींपलीकडे असेल तर पट्ट्याचा घोळ सोडा, लॅनची वायर ओढा.