दिव्यातील तेल, वात आणि ज्योत

कांदा-लसूण वर्ज्य केले की आहार आपोआप सात्त्विक झाला, असा आपल्या घराघरांत समज आहे. परंतु भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगताना एकाही भाजीचे नाव घेतलेले नाही. तेथे अन्नाचे गुण सांगितले आहेत : रसाळ, स्निग्ध व मनाला रुचणारे ते सात्त्विक, अति तिखट, अति खारट, अति उष्ण व दाह करणारे ते राजस, आणि प्रहर उलटलेले, नीरस, शिळे, उष्टे ते तामस.

टेंभुर्णीच्या एखाद्या आडत दुकानाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. कापूस-सोयाबीनचा हंगाम आहे. सकाळपासून काटा चालू, दुपारचे जेवण राहून गेले, त्याची जागा तिखट चिवडा आणि चार कप कडक चहाने घेतली. कांदा-लसणाचा कणही पोटात नाही, तरी आहार राजसच झाला. सायंकाळी भावातील दोन रुपयांच्या फरकावरून मुनीमजींवर आवाज चढतो. सकाळची भाजी रात्री उशिरा गरम करून खाल्ली जाते आणि दुसऱ्या दिवशी अंग जड, रोजमेळ उघडण्याचा कंटाळा. चढलेला आवाज हा रज, हा कंटाळा तम. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही लोभ व अस्वस्थता ही रजाची, तर आळस व प्रमाद ही तमाची लक्षणे सांगितली आहेत.

म्हणून रज-तम समूळ टाकावेत काय? सांख्यकारिकेत तिन्ही गुणांना दिव्याची उपमा दिली आहे. तेल, वात व ज्योत परस्परांहून भिन्न, तरीही प्रकाश तिघांच्या मेळातून पडतो. रजावाचून दुकान उघडणार नाही, तमावाचून झोप येणार नाही. प्रश्न असतो तो कोणता गुण वरचढ झाला, एवढाच. सत्त्वही निर्दोष नव्हे. ते सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने बांधते. ‘आमचे ताट शुद्ध’ हा अभिमान त्याच बंधनाचा.

त्रिगुण हा मूळ सांख्यांचा विचार. जैन दर्शन मनोवृत्तीचा विचार सहा लेश्यांच्या भाषेत करते आणि अन्नाची कसोटी प्रथम अहिंसेवर लावते. कंदमुळांचा त्याग त्यातील जीवांसाठी आहे, केवळ मनःशांतीसाठी नव्हे. तथापि एका ठिकाणी दोन्ही वाटा जवळ येतात. ज्याचा रस, गंध वा स्पर्श बदलला ते ‘चलित रस’ अन्न आपल्याकडे अभक्ष्य मानतात; गीता त्यालाच तामस म्हणते.

तेव्हा हंगामात एवढे करावे : दुपारचे ताजे जेवण वेळेवर घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वी ताट आटोपावे. मग आठ दिवसांनी आपणच पाहावे, सायंकाळी मुनीमजींशी बोलताना आपला स्वर कोणता लागतो.