वडिलांचा शब्द आणि कंपनीचे आर्टिकल्स

भागीदारीची पेढी मोडून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणारे आपले कारखानदार बंधू मेमोरँडम काळजीने वाचतात. आर्टिकल्सवर मात्र सल्लागार सांगेल तिथे सह्या करतात. आम्हा कापडवाल्यांची तर ही जुनी खोड आहे. मेमोरँडममध्ये कंपनीचे नाव, राज्य, उद्देश, सभासदांची जबाबदारी आणि भांडवल एवढेच असते. शेअर कोणाला विकता येईल आणि घरात दोन मते पडली तर कोणाचे चालेल, हे आर्टिकल्स ठरवतात.

रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन हा खटला पाहा. दोन भावांची कंपनी, एकूण 50 शेअर, प्रत्येकी 25. एका शाखेतील कोणाला शेअर विकायचे असतील तर आधी त्याच शाखेतील माणसांना विचारायचे, असे तोंडी ठरले होते. पुढच्या पिढीत एकाने आपले शेअर दुसऱ्या शाखेला विकले आणि बरोबरी मोडली. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीवरही बंधनकारक नाही आणि शेअरधारकांवरही नाही. विक्री कायम राहिली.

यावर कोणी म्हणेल, आम्ही कायद्यातला छापील नमुना घेतला आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील हा नमुना 'टेबल एफ' म्हणून ओळखला जातो. त्यात संचालक मंडळाला हस्तांतर नाकारता येते, पण मुख्यतः पूर्ण पैसे न भरलेल्या शेअरचे, किंवा ज्यांवर कंपनीचे येणे आहे अशांचे. घरच्या कंपनीत शेअरचे पैसे बहुधा पुरते भरलेले असतात. मग नमुना काय कामाचा?

म्हणून आर्टिकल्समध्ये स्वतः लिहून घ्यावे : विकणाऱ्याने आधी कंपनीला लेखी कळवावे, इतर सभासदांना किती दिवसांची मुदत द्यावी, आणि किंमत कोणी ठरवावी. किमतीचे कलम राहिले की भांडण तिथेच उभे राहते. एक म्हणतो पुस्तकी किंमत, दुसरा म्हणतो जागेचा आजचा भाव. त्रयस्थ सनदी लेखापालाचे नाव काढण्याची रीत आधीच लिहावी. मंडळाने हस्तांतर नाकारल्यास 30 दिवसांत कारणासह कळवावे लागते, आणि घेणाऱ्याला कंपनी न्यायाधिकरणाकडे जाता येते. मृत्यूनंतर वारसांच्या नावे शेअर चढवण्याचा नियमही वेगळा लिहावा. आई, बहिणी, मुली यांचे हिस्से शरियतप्रमाणे निघतात. त्यांची नोंद मंडळाच्या मर्जीवर सोडू नये.

दोघा भावांचे निम्मे-निम्मे असेल तर आणखी एक कलम शोधावे. टेबल एफप्रमाणे संचालक मंडळात मते समसमान पडली की अध्यक्षाला जादा मत मिळते. म्हणजे अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला भाऊच निर्णय करतो. हे नको असेल तर ते कलम काढावे, पण मग कोंडी कशी फोडायची तेही लिहावे. कंपनी चालू झाल्यावर बदल करायचा तर सभेत पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते बाजूने लागतात, आणि भांडण सुरू झाल्यावर तेवढी मते जमत नाहीत.