आई पुन्हा पडली, म्हणून डॉक्टरांना लिहिलेलं पत्र

आपण अंथरुणातून उठून उभे राहतो त्या क्षणी शरीराच्या वरच्या भागातलं साधारण अर्धा लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मेंदूला हे क्षणभरही परवडत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब घसरल्याचं त्यांना कळतं, आणि पुढच्या एक-दोन ठोक्यांतच हृदय वेग घेतं, पाठोपाठ पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्याच वेळी कानाच्या आतले द्रवभरल्या नळ्यांचे वेढे, डोळे आणि तळपायाची कातडी शरीराचा कल कुठे आहे हे लहान मेंदूला कळवत असतात. तोल जराही गेला, तर आपल्याला जाणवायच्या आत पाऊल पुढे पडून सावरतं. आपण याला नुसतं ‘उठणं’ म्हणतो. हे सगळं दिवसातून कित्येकदा बिनचूक घडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हातारं माणूस वारंवार पडू लागलं की घरात ‘वय झालं’ एवढं बोलून विषय संपतो. पण वर सांगितलेल्या साखळीतल्या प्रत्येक कडीला ढिलं करणाऱ्या गोळ्या असतात, आणि त्या बहुधा घरातल्याच डब्यात असतात. तो डबा नीट वाचणारं आणि डॉक्टरांना तसं लिहून कळवणारं पत्र कसं असावं, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण अशी घरं महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत.

आई शहात्तर वर्षांची, वजन अठ्ठेचाळीस किलो, मधुमेह आणि रक्तदाब जुना. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. आईला विचारलं तर ती सांगते, “झोपेची एक अर्धी गोळी, बाकी सगळं शुगर-बीपीचं.” मुलीने स्ट्रिप उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा चित्र वेगळंच निघालं. झोपेची गोळी म्हणजे क्लोनाझेपाम, ०.५ मिलिग्रॅम. पायांच्या मुंग्यांसाठी दिलेली ‘नसांची कॅप्सूल’ म्हणजे प्रेगाबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलीन १०, दोन्ही गुंगी आणणारी. जेवणाआधीची ‘गॅसची गोळी’ म्हणजे क्लिडिनियम आणि क्लोरडायझेपॉक्साइड. हे दुसरं नाव वाचून मी थांबतो. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली लिब्रियम या नावाने बाजारात आलं. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ज्या कुळातले, त्या कुळातलं हे पहिलं औषध. म्हणजे आई झोपेच्या गोळीचीच बहीण दिवसातून दोनदा पोटासाठी घेत होती, आणि ते घरात कुणालाही माहीत नव्हतं. चौथी गोळी ‘चक्करची’: सिनारिझिन आणि डायमेनहायड्रिनेट. हीसुद्धा सुस्ती आणते.

ही चक्करची गोळी कधी सुरू झाली, यात सगळी गोम आहे. आई पहिल्यांदा पडली आणि “चक्कर आल्यासारखं झालं” म्हणाली, तेव्हा ती मिळाली. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध येतं. पाउला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात याला ‘प्रिस्क्रिप्शनची मालिका’ अशा अर्थाचं नाव दिलं. यात कुणा एका डॉक्टरांची चूक शोधणं मला पटत नाही. झोपेचं एकाने पाहिलं, पायांचं दुसऱ्याने, पोटाचं तिसऱ्याने, आणि प्रत्येकाच्या कागदावर एकच गोळी होती. चारही एकत्र फक्त आईच्या डब्यात आल्या.

आता थोडं गणित, कारण खरं आश्चर्य त्यात आहे. क्लोनाझेपाम अंगात निम्मं व्हायला तीस ते चाळीस तास लागतात. छत्तीस धरू. आज रात्री घेतलेली गोळी उद्या रात्री दुसरी घ्यायच्या वेळी तीन-पंचमांशाहून थोडी जास्त शिल्लक असते. परवाची, तेरवाचीही काही उरलेली असते. हे सगळं जोडत गेलं की आठवड्याभरात अंगातला साठा स्थिरावतो, आणि रोज एकच गोळी घेणाऱ्या बाईच्या शरीरात रात्री गोळी घेतल्यावर सुमारे पावणेतीन गोळ्यांइतकं औषध असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळ्यात कमी असतानाही, पावणेदोन गोळ्यांच्या आसपास. म्हणजे सकाळी अकरा वाजता पूजेवरून उठतानाही रात्रीची गोळी काम करतच असते.

वय यात भर घालतं. डायझेपामवरचा १९७५ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: औषध निम्मं व्हायला विशीत साधारण वीस तास लागत होते, ऐंशीत सुमारे नव्वद. वयाबरोबर अंगातली चरबी वाढते आणि ही औषधं चरबीत मुरतात, यकृतही मंदावतं. गोळीचा आकडा तोच राहतो, माणूस बदलतो.

मूत्रपिंडाचं आणखी फसवं आहे. आईचं क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. पण क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं, आणि अठ्ठेचाळीस किलोच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात स्नायू किती असणार? वय, वजन आणि क्रिएटिनिन एकत्र धरणारं एक सूत्र १९७६ पासून वापरात आहे. त्यात हे आकडे घातले की उत्तर येतं मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर. निरोगी तरुण माणसात ते शंभराच्या वर असतं. प्रेगाबालिन जवळजवळ सगळंच लघवीवाटे बाहेर पडतं, आणि ३० ते ६० च्या दरम्यान त्याचा डोस निम्मा करायचा असतो. म्हणजे आईची पंचाहत्तरची कॅप्सूल तिच्यासाठी दीडशेसारखी होती.

मुलीने लिहिलेलं पत्र असं:

“मा. डॉक्टरसाहेब,
सा. न. वि. वि.
माझी आई, वय ७६, वजन ४८ किलो, अनेक वर्षे आपल्याकडे येते. गेल्या दोन महिन्यांत ती तीनदा पडली. पहिल्यांदा पहाटे साडेचारला, लघवीला उठताना. दुसऱ्यांदा सकाळी अकराला, पूजेवरून उठताना. तिसऱ्यांदा पहाटे पावणेसहाला, न्हाणीच्या दाराशी. तेव्हा मनगटाला मुका मार लागला. डोक्याला मार नाही, शुद्ध हरपली नाही. तिसऱ्या वेळी लगेच पाहिलेली साखर १४८ होती.

पहिल्यांदा पडण्याच्या तीन आठवडे आधी पायांच्या मुंग्यांसाठी कॅप्सूल सुरू झाली. पडल्यानंतर चक्करची गोळी सुरू झाली. त्यानंतर ती आणखी दोनदा पडली.

पाच मिनिटे पडून राहिल्यावर रक्तदाब १४२/७८. उभी राहिल्यावर एका मिनिटाने ११६/६६, तीन मिनिटांनी १२०/६८. डोळ्यांपुढे अंधारी आली. दुपारी जेवता जेवता पेंगते. तोंड कोरडे पडते.

ती घेत असलेली सर्व औषधे, घटक, वेळ, कधीपासून आणि कोणत्या डॉक्टरांनी दिली, हे सोबतच्या कागदावर लिहिले आहे. दुकानातून थेट आणलेली सर्दीची गोळीही त्यात आहे. त्यांतील सहा घटक गुंगी आणणारे आहेत असे माझ्या वाचनात आले. चुकत असेन तर सांगावे.

विनंती अशी की ही औषधे एकदा एकत्र पाहून कोणती अजून हवी, कोणती कमी करता येतील आणि कोणत्या क्रमाने, हे आपण ठरवावे. आम्ही स्वतःहून एकही गोळी बंद केलेली नाही. झोपेची गोळी सुटेल याची आईला काळजी वाटते, म्हणून आपण तिच्याशीच बोलावे. हे पत्र तिला वाचून दाखवले आहे.
आपली नम्र.”

या पत्रात आरोप नाही आणि निदानही नाही. डॉक्टरांना दहा मिनिटांच्या भेटीत जे मिळूच शकत नाही ते आहे: पडण्याच्या वेळा, गोळ्या सुरू झाल्याचा क्रम आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वीस किंवा खालचा दहाने उतरला तर ती घसरण महत्त्वाची मानतात. आईचा वरचा सव्वीसने उतरला. त्यात नॉरट्रिप्टिलीनचा वाटा असू शकतो आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचाही, म्हणून त्याही यादीत हव्यात. साखरेची नोंद हवी, कारण साखर उतरूनही माणूस पडतं. तेव्हाची १४८ म्हणजे त्या वेळी तरी ते कारण नव्हतं.

डॉक्टर पुढे काय करतील हे त्यांचं काम. पण अनुभवी डॉक्टर साधारणपणे एका वेळी एकच गोळी हलवतात, आणि जिचं कारण सगळ्यात लंगडं तिच्यापासून सुरुवात करतात. इथे बहुधा चक्करची गोळी आधी जाईल. मग गॅसची, हळूहळू. कॅप्सूलचा डोस मूत्रपिंडाच्या हिशेबाने बसवला जाईल. क्लोनाझेपाम शेवटी, कित्येक आठवड्यांत, दर टप्प्याला थोडं थोडं. वर्षानुवर्षं घेतलेली अशी गोळी एका दिवसात तोडली तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. मोतीबिंदू, पायांतली शक्ती, हृदयाचे ठोके हेही तपासावं लागेल, कारण पडण्याला क्वचितच एक कारण असतं.

या खटाटोपाचा उपयोग होतो का? न्यूझीलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात पासष्टीपुढच्या लोकांच्या झोपेच्या आणि मनावरच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. त्यांचं पडणं ६६ टक्क्यांनी घटलं. प्रयोग संपल्यावर महिन्याभरात त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हेही तितकंच खरं. दुसरा प्रयोग कॅनडातल्या क्विबेकचा, २०१४ चा. कारा टॅनेनबॉम आणि सहकाऱ्यांनी झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना फक्त एक माहितीपुस्तिका पाठवली: ही गोळी काय करते, ती कशी कमी करतात, डॉक्टरांशी किंवा औषधविक्रेत्याशी बोला. सहा महिन्यांत त्यांतल्या २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली; पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. नवं औषध नाही, यंत्र नाही. छापील कागद हातात पडला, आणि माणसं डॉक्टरांशी बोलायला गेली.

तुमच्या घरी कुणी दोनदा पडलं असेल तर आज डबा रिकामा करा, स्ट्रिपच्या मागची नावं उतरवून काढा आणि पत्र लिहा. गोळी मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बंद करू नका. आणि पडताना डोक्याला मार लागला असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा पडल्यानंतर माणूस असंबद्ध बोलू लागलं असेल, तर पत्र लिहीत बसू नका; थेट रुग्णालयात न्या.