हँगरचा तराजू : पहिलीच्या वर्गात जड आणि हलकं

आज आम्ही सोबत एक प्लास्टिकचा हँगर, दोन पिशव्या आणि थोडी सुतळी आणली आहे. एवढ्या सामानात पहिलीच्या मुलांना जड-हलकं कसं शिकवता येतं, ते सांगणार आहोत. आणि ते करताना आमची फजिती कुठे झाली, तेही सांगू, कारण खरं शिकणं तिथेच झालं.

आम्ही तेलगावला पहिलीचा वर्ग घेतो. बीड जिल्ह्यातलं हे गाव, शेजारी साखर कारखाना, भोवती ऊस आणि कापूस. वर्गात आम्ही एकदा टेबलावर मूठभर कापूस आणि एक दगड ठेवला आणि विचारलं, जड काय? एक मुलगी पटकन म्हणाली, "कापूस." बाकीची पोरं हसली. आम्हीही "चूक" म्हणून पुढे जाणार होतो. पण तिला विचारलं, का गं? तर म्हणाली, "माय डोक्यावर गाठोडं आणती तवा तिची मान दुखती. दगुड तर मी बी उचलती."

आता सांगा, ती चुकली होती का? तिच्या घरी कापूस जडच असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे त्या गाठोड्याच्या वजनावर घरात पैसे येतात. चूक आमच्या प्रश्नात होती. "कापूस जड की दगड" हा प्रश्नच अर्धा आहे. हा कापूस आणि हा दगड, असं समोर ठेवून विचारायला हवं. त्यासाठी दोन वस्तू एकाच वेळी एकमेकींसमोर टांगणारं काहीतरी लागतं. म्हणून हँगर.

हँगर निवडताना दोन्ही खांद्यांवर खाचा असलेला घ्या. तारेच्या हँगरला खाच नसते, त्यामुळे पिशवी उतारावरून घसरते. तोच वापरायचा असेल तर दोन्ही टोकांना कपड्याचे चिमटे लावून पिशवी अडवा. पिशव्या एकाच मापाच्या, एकाच कापडाच्या हव्यात. हँगर भिंतीतल्या खिळ्याला अडकवू नका, एक बाजू भिंतीला घासते आणि दांडी अडकून बसते. दोन खुर्च्यांच्या पाठींवर एक काठी आडवी टाका, तिला सुतळीचा फास बांधा आणि त्या फासात हँगरचा आकडा अडकवा. आकड्यावर फास सरकतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे वेढे द्या. उंची अशी ठेवा की हँगरची दांडी मुलांच्या डोळ्यांसमोर येईल. पंखा बंद. झाला तराजू.

पिशव्यांच्या बंदांबद्दल एक गंमत आहे. एका पिशवीचा बंद लांब असला तर तराजू चुकत नाही. पिशवी खाचेला टांगलेली असते, तिचा भार खाचेवरच पडतो, मग ती वीतभर खाली असो की चार बोटं. पण मुलाचे डोळे फसतात. खाली लोंबणारी पिशवी त्याला जड वाटते. म्हणून बंद सारखे ठेवायचे, आणि पहिल्यापासून सांगायचं, पिशवीकडे बघू नका, दांडीची टोकं बघा.

रिकाम्या पिशव्या लावल्यावर दांडी आडवी राहिली पाहिजे. सहसा राहत नाही. मग जी बाजू वर आहे तिथे मातीचा छोटा गोळा चिकटवायचा. याला आपल्याकडे शब्द आहे, पासंग. "अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही" म्हणतो ना आपण, तोच. पारड्यांतला फरक भरून काढायला टाकलेलं चिमूटभर वजन. मुलांना हा शब्द आवडला. काही दिवस वर्गात ज्याला त्याला पासंग म्हणणं चाललं होतं!

आणि याच पासंगानं आम्हाला फसवलं. रिकामी दांडी एकदम आडवी होती. दोन्हीकडे एकेक बटाटा टाकला, दांडी आडवीच. "सारखे!" म्हणून सगळे ओरडले. एका पोरानं, तसा तो शांत बसणाऱ्यातला नाहीच, पिशव्या काढून उलटसुलट लावल्या. आणि दांडी कलली. बटाटे तेच, पिशव्या त्याच.

झालं असं होतं की फास मधोमध नव्हता, साधारण एक सेंटिमीटर बाजूला सरकला होता. आमच्या हँगरच्या दोन खाचांमध्ये चाळीस सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे दोन्ही बाजू वीस-वीस असायला हव्यात, त्या झाल्या एकवीस आणि एकोणीस. लांब बाजूला शंभर ग्रॅम टाकले की आखूड बाजूला एकशे दहा ग्रॅम लागतात, तेव्हा दांडी आडवी होते. रिकाम्या तराजूचा कल पासंगानं झाकला, पण बाजू लहान-मोठी असल्याचा दोष पासंगानं जात नाही. वजन वाढेल तसा तो वाढत जातो. म्हणून पासंग लावण्याआधी एक करा. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे दोन कोरे साबण दोन्हीकडे टाका, दांडी कुणीकडे कलते ते बघा. साबण तसेच ठेवून दांडी आडवी होईपर्यंत फास कललेल्या बाजूकडे थोडा थोडा सरकवा. मग साबण काढा आणि रिकामी दांडी बघा. ती कलत असेल, तर मगच पासंग. आणि दर वेळी, निकाल सांगण्याआधी, पिशव्यांची अदलाबदल. जड वस्तू दुसऱ्या बाजूला गेली की ती बाजू खाली गेली पाहिजे. नाही गेली, तर दोष तराजूत आहे. आता आमची मुलं अदलाबदल केल्याशिवाय मानतच नाहीत.

मुलांच्या डोक्यातली एक अडचण मात्र तराजूनं सुटत नाही, ती आधी सोडवावी लागते. बरीच मुलं वर गेलेल्या पिशवीला जड म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. उंच म्हणजे जास्त, वर म्हणजे जिंकला, हेच त्यांनी पाहिलेलं असतं. "खाली जाते ती जड" असं पाठ करून घेतलं तर चार दिवसांनी उलटं होतं. आम्ही हँगरच्या आधी मुलालाच तराजू करतो. डोळे मिटून हात बाजूला पसरायचे, दोन्ही मनगटांना पिशव्या. एका पिशवीत पाण्यानं भरलेली बाटली, दुसरीत रिकामी. थोड्या वेळात एक हात आपोआप खाली येतो. ज्याचा हात दुखतो त्याला जड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लगेच त्याच पिशव्या हँगरला लावायच्या. "हा बघ, हँगरचा हात दुखतोय." एवढं पुरतं.

मग कुणीही विचारेल, हाताला कळतंच आहे तर हँगर कशाला? त्यासाठी दोन खोके करा. एक मोठा, एक अगदी छोटा. हँगरवर दोन्ही सारखे होईपर्यंत त्यांत वाळू भरा आणि झाकणं बंद करा. हातात दिले की जवळपास प्रत्येक जण छोट्याला जड म्हणतो. मोठी माणसंसुद्धा. आत्ता इथे करून पाहा हवं तर. शार्पांतिये नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९१ मध्ये या भ्रमाबद्दल लिहून ठेवलंय. आणि तो कळूनही जात नाही. दोन्ही सारखे आहेत हे माहीत असलं तरी हाताला छोटा जडच लागतो. मुलांना इथे पहिल्यांदा हँगरची गरज वाटते, कारण हात आणि दांडी वेगवेगळं सांगतात.

या तराजूची मर्यादाही सांगून ठेवतो. एका बाजूला शंभर ग्रॅम आणि दुसरीकडे एकशे दहा टाकले, तर दोन टोकांत दोनेक सेंटिमीटरचा फरक दिसतो, मागच्या बाकावरूनही कळतो. तोच दहा ग्रॅमचा फरक एक-एक किलोच्या ओझ्यावर टाकला तर टोकं तीन मिलिमीटरही हलत नाहीत. हँगरचा आकडा खाचांपेक्षा बराच उंच असतो, त्यामुळे ओझं वाढलं की तो स्वतःला सरळ ठेवायला बघतो. म्हणून वस्तू लहान घ्या, कांदा, लिंबू, खडू, कुलूप. अर्ध्या किलोच्या पुढे गेलं तर प्लास्टिकचे खांदेही वाकतात. आणि मुलांनी "सारखे" म्हटलं तर त्याचा अर्थ इतकाच घ्यायचा की या हँगरला फरक कळला नाही.

वर्गात आम्ही कांदा आणि लिंबू तोलतो, कांदा जड. मग बटाटा आणि कांदा, बटाटा जड. मग बटाटा आणि लिंबू हातात घेऊन थांबतो. आधी सांगा, मग टांगू. काही मुलं लगेच सांगतात, काहींना टांगूनच बघायचं असतं. टांगू द्यावं. ग्रॅम-किलोचं नाव आम्ही पहिलीत काढत नाही.

एक वेळेचं सांगायचं राहिलं. हा पाठ आम्ही दसऱ्याच्या आत घेतो. नंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आई-बापांबरोबर काही मुलंही जातात आणि पट अर्धा होतो. टोळीची मजुरी टनावर ठरते. म्हणजे ज्या मुलांच्या घरचा सगळा हिशोब काट्यावर होतो, नेमकी तीच या पाठाला नसतात. जाणाऱ्या मुलांना आम्ही हँगर आणि सुतळी देतो, कोपीवर खेळायला.

आणि ती कापसाची मुलगी. तिला आम्ही तोच दगड दिला, साठेक ग्रॅमचा असेल, आणि कापसाची टोपली. दगड एका पिशवीत. दुसरीत ती एकेका बोंडाचा कापूस टाकत गेली. पाच झाले, दांडी हलली नाही म्हणावी इतकीच. दहा झाले. पिशवी फुगायला लागली, पोरं मोजायला लागली. पंधराच्या आसपास दांडी आडवी झाली. तिनं आणखी दोन टाकले, कापूस पिशवीच्या तोंडाबाहेर आला आणि दगड वर गेला. तिनं पिशव्या काढल्या, बाजू बदलून लावल्या, पुन्हा बघितलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "म्या म्हनलं हुतं ना."