दोघांपुरती भाषा

भरल्या रिसेप्शनमध्ये बायको नवऱ्याला विचारते, "गॅस बंद केलायस ना रे?" शेजारच्या मावशींना त्यात काहीच वेगळं वाटत नाही. नवरा मात्र पाच मिनिटांत यजमानांचा निरोप घेऊ लागतो. या जोडप्यापुरता त्या प्रश्नाचा अर्थ आहे, 'कंटाळा आला, निघूया.'

अशी खूण ठरवून तयार होत नाही. समजा, एकदा गॅसच्या धास्तीनं दोघं खरोखरच कार्यक्रम अर्ध्यावर सोडून घरी धावली. गॅस बंदच होता, पण रटाळ भाषणांतून सुटका झाली म्हणून ती हसत सुटली. पुढच्या समारंभात तिनं सहज तेच वाक्य टाकलं, त्याला ते उमगलं आणि खूण पक्की झाली. शब्द एकाचा असला, तरी तो रुजतो दुसऱ्यानं ओळखल्यावरच.

रॉबर्ट हॉपर, मार्क नॅप आणि लॉरेल स्कॉट या अमेरिकी संशोधकांनी १९८१ मध्ये जोडप्यांच्या अशा खासगी शब्दांची वर्गवारी केली. लाडाची नावं, चिडवणं, तिऱ्हाइतांना ठेवलेली नावं आणि शरीरसंबंधांविषयीचे संकेत त्यात होतेच. पण नाराजी दाखवण्याचे शब्दही होते. नवरा हुकूम सोडू लागला की बायको "बरं, हेडमास्तर" एवढंच म्हणते. तक्रार पोहोचते, पण आरोप होत नाही, कारण या नावावर दोघं आधी एकत्र हसलेली असतात.

कॅरल ब्रुस आणि ज्युडी पिअर्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, संसारात अधिक समाधानी असलेल्या जोडप्यांनी असे शब्द जास्त सांगितले. सर्वांत जास्त शब्द नवविवाहित, मूल नसलेल्या जोडप्यांकडे होते. आपल्याकडेही मूल झालं की बायकोला नवरा "अगं आई" म्हणू लागतो आणि नवऱ्याचा "बाबा" होतो. हाका मुलाच्या तोंडच्या होतात, जुनं नाव मागे पडतं. अर्थात, शब्दांमुळे समाधान येतं की समाधानामुळे शब्द सुचतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. दोन्ही एकमेकांना पोसत असावीत.

याच शब्दानं दुखावताही येतं. एकांतात गोड वाटणारं "जाडू" मित्रांसमोर उच्चारलं की तेच शरीरावरचं शेरेबाजीचं नाव होतं. ज्याला ते नाव मिळालंय, तो पूर्वीसारखं उलटून चिडवत नसेल, नुसताच गप्प होत असेल, तर गंमत एकतर्फी झाली आहे. "हल्ली तुला चेष्टा कळत नाही" असं म्हणण्याऐवजी त्या वेळी ते नाव सोडून द्यावं. दोघांनी मिळून घडवलेला शब्द एकाच्याच हट्टावर चालू ठेवला, तर जवळीक संपते आणि उरते ती फक्त सवय.